चार्टवर श्वास 18: ऑर्थो वॉर्डमधल्या एका सेप्सिसचं प्रकरण

हे प्रकरण वॉर्डातल्या सिस्टर, इंटर्न आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. तपशील कुणा एका पेशंटचे नाहीत, पण वॉर्डात रात्रपाळी केलेल्याला यातलं काही परकं वाटणार नाही.

पेशंट

वय 67, वजन 54 किलो, बाई. बारा वर्षांचा मधुमेह, त्यावर मेटफॉर्मिन. बीपीसाठी मेटोप्रोलोल 50 आणि टेल्मिसार्टन, दोन्ही सकाळी. बाथरूममध्ये पाय घसरून डाव्या खुब्याचं हाड मोडलं. कॅज्युअल्टीतच लघवीची नळी घातली, दुसऱ्या दिवशी हाडात नेल घालून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवलं. ऑपरेशननंतर क्रिएटिनिन 0.9, हिमोग्लोबिन 9.8. जखम कोरडी. आजी बोलक्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईला मेथीच्या भाजीत डाळ कधी घालायची हे राउंड चालू असतानाही सांगणाऱ्या.

आपण बघतोय तो ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. नळी अजून आत आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दिवसातून तीनदा, न मागता, ठरल्या वेळेला चालू आहे.

त्या दिवसाचा चार्ट असा होता:

| वेळ | तापमान (सें.) | नाडी | बीपी | श्वास | ऑक्सिजन (%) |
|---|---|---|---|---|---|
| सकाळी 6 | 36.8 | 74 | 144/82 | 18 | 98 |
| दुपारी 2 | 37.4 | 84 | 132/78 | 18 | 97 |
| संध्याकाळी 6 | 37.2 | 88 | 122/70 | 18 | 96 |
| रात्री 10 | 36.9 | 94 | 108/62 | 26 | 94 |

पुढे वाचण्याआधी हा तक्ता दोन मिनिटं नीट बघा. रात्री दहाची ओळ हाताने झाकली, तर संध्याकाळी सहाला या पेशंटसाठी कुणाला फोन करावासा वाटला असता का? बहुतेक जण नाही म्हणतात, आणि चार्टपुरतं ते बरोबरच आहे.

चार्टच्या बाहेर काय चाललं होतं

दुपारी आजींनी ताट परत पाठवलं. तोंडाला चव नाही म्हणाल्या. ऑर्थो वॉर्डात चौथ्या दिवशी निम्मे पेशंट हेच म्हणतात, त्यामुळे कुणी थांबलं नाही.

सहाच्या सुमाराला मुलगी सिस्टरांच्या टेबलापाशी आली. "सिस्टर, आई मघापासून काहीतरीच बोलतेय. आत्या आली का विचारते. आत्या जाऊन सहा वर्षं झाली." सिस्टर बेडपाशी गेल्या, आजींना नाव विचारलं, ते त्यांनी बरोबर सांगितलं. झोप झाली नसेल, वय आहे, असं म्हणून सिस्टर पुढच्या बेडकडे वळल्या.

सातला मावशींनी आजींना दुसरं ब्लँकेट घातलं, कारण त्या कुडकुडत होत्या. दातावर दात वाजत होते, असं मावशींनी नंतर सांगितलं. नंतर म्हणजे, रात्री अकराला कुणीतरी विचारल्यावर. वॉर्डात मावशींना ब्लँकेट कुणाला दिलं हे विचारायची पद्धत नाही.

साडेआठला मुलीने पुन्हा तक्रार केल्यावर रेसिडेंटने फोनवर झोपेची गोळी सांगितली. त्याआधी आठला पाळी बदलली होती. ओव्हर अशी दिली गेली: "बेड 14, नेलिंग, डे फोर, व्हायटल्स स्टेबल, रात्री जरा कुरकुर करते."

थंडी वाजून येणं, वेळकाळाचं भान सुटणं आणि जेवण टाकणं या तीन गोष्टी तीन वेगळ्या माणसांनी पाहिल्या. चार्टवर त्यातली एकही उतरली नाही, कारण चार्टवर त्यांना रकानाच नाही. युरीन बॅगेत त्या वेळी काय जमलं होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. ती बॅग सकाळी सहाला आणि दुपारी दोनला रिकामी होते आणि एकूण आकडा लिहिला जातो.

रात्रपाळीच्या सिस्टर पावणेदहाच्या आसपास झोपेची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आजींपाशी गेल्या. आजी चादरीचं टोक बोटांनी ओढत होत्या. काही विचारलं की तीन-चार शब्द बोलून श्वासासाठी थांबत होत्या. सिस्टरांनी गोळी परत ट्रेमध्ये ठेवली, आजींच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. 26.

प्रकरणाला खरी सुरुवात इथे झाली. आधीच्या तीन नोंदींमधला 18 हा आकडा मोजलेला नव्हता, लिहिलेला होता.

टिपण: श्वास कुणी मोजत का नाही

नाडी, बीपी आणि ऑक्सिजन हे तिन्ही आकडे मशीन देतं. कफ बांधला, बोटाला क्लिप लावली की स्क्रीनवर आकडे येतात आणि ते उतरवून घेता येतात. वॉर्डातलं साधं मशीन श्वास देत नाही. त्यासाठी बेडजवळ एक मिनिट गप्प उभं राहावं लागतं, आणि 30 पेशंटना दोन सिस्टर असतील तर हे एक मिनिट सगळ्यात आधी कापलं जातं. मग तिथे 18 येतो, कधी 20. एखाद्या वॉर्डाचा आठवड्याचा चार्ट काढून श्वासाच्या रकान्यावरून बोट फिरवा. सगळ्या पेशंटचे सगळ्या वेळचे आकडे 18 आणि 20 यातच फिरत असतील, तर तो रकाना रिकामा आहे असं समजा.

आणि सेप्सिसमध्ये नेमका हाच आकडा लवकर हलतो. पेशींना रक्तपुरवठा अपुरा पडू लागला, त्यांचं काम बिघडू लागलं की रक्तात आम्ल वाढतं. शरीर ते कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून भरून काढायला बघतं, म्हणजे श्वास वाढतो. शिवाय संसर्गाने सुटलेली रसायनं मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला थेट डिवचतात. फुप्फुस पूर्ण चांगलं असलं तरी हे होतं. म्हणूनच संध्याकाळी ऑक्सिजन 96 दिसत होता. पेशंट भराभर श्वास घेऊन तो टिकवत होती. क्लिपवरचा आकडा चांगला आहे म्हणून श्वास ठीक आहे असं मानणं हा वॉर्डातला नेहमीचा घोटाळा आहे.

मोजायची रीत सोपी आहे. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरून ठेवायचं आणि छातीकडे किंवा पोटाकडे बघायचं. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की श्वास बदलतो. पूर्ण 60 सेकंद मोजायचे. 15 सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते, आणि 20 व 24 यांच्यात निर्णय बदलतो. सगळ्या 30 जणांचा श्वास प्रत्येक वेळी मिनिटभर मोजून होणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण ज्याच्या अंगात नळी आहे, ज्याचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालंय, ज्याला मधुमेह आहे किंवा स्टिरॉइड चालू आहे आणि ज्याच्याबद्दल नातेवाईक "आज बरं दिसत नाही" म्हणतायत, अशांचा तरी मोजायचा. वॉर्डात ते पाच-सात निघतात.

टिपण: नॉर्मल दिसणारे आकडे

ताप नव्हता. तीनदा पॅरासिटामॉल घेणाऱ्या 67 वर्षांच्या मधुमेही बाईला ताप दिसेलच असं नाही. सेप्सिसच्या काही पेशंटमध्ये तापमान उलट 36 च्या खाली जातं आणि ते जास्त वाईट लक्षण आहे. थंडी वाजून कुडकुडणं मात्र गोळीने नेहमी झाकलं जात नाही. खरी दात वाजवणारी थंडी म्हणजे जंतू रक्तात उतरल्याची शक्यता धरून चालायचं. मावशींना दिसलं ते ब्लँकेट हे त्या दिवसातलं सगळ्यात ठळक लक्षण होतं.

नाडी 94 होती. पुस्तकात 100 च्या आत, म्हणून ठीक. पण ही बाई मेटोप्रोलोलवर आहे, आणि तिची रोजची नाडी 70 ते 76. बीटा ब्लॉकर चालू असताना 94 पर्यंत पोचलेली नाडी औषधाशिवाय कदाचित 115 ला असती. किती असती हे सांगता येत नाही. एवढंच कळतं की या पेशंटच्या नाडीवर भरवसा ठेवता येत नाही.

बीपी 108/62. नुसता आकडा फोनवर ऐकला तर कुणीही चांगलं आहे म्हणेल, आणि तसं झालंच. पण सकाळी ते 144 होतं. दुपारी 132, संध्याकाळी 122, रात्री 108. सोळा तासांत 36 ने उतरलेलं बीपी आणि पहिल्यापासून 108 असलेलं बीपी या दोन वेगळ्या अवस्था आहेत. बीपीच्या पेशंटच्या मूत्रपिंडांना जास्त दाबाची सवय झालेली असते, त्यामुळे 90 च्या खाली जाईपर्यंत थांबणं या लोकांत फार महाग पडतं. चार्टवर आकड्यांच्या ऐवजी आलेख काढायची जुनी पद्धत याचसाठी चांगली होती. उतार डोळ्यांना दिसायचा.

राहिलं भान. नाव विचारून बरोबर उत्तर आलं म्हणजे भान शाबूत आहे असं होत नाही. नाव सगळ्यात शेवटी जातं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, सकाळी काय खाल्लं, हे विचारायचं. आणि घरच्या माणसाला विचारायचं की हे नेहमीसारखंच आहे का. काल होतं ते भान आज नाही, एवढं पुरेसं आहे. म्हाताऱ्या पेशंटमध्ये संसर्गाचं पहिलं आणि कधीकधी एकमेव लक्षण हेच असतं. त्यावर झोपेची गोळी दिली की लक्षण झाकलं जातं आणि श्वासही मंदावतो, म्हणजे दोन्ही खुणा एका गोळीत पुसल्या जातात. नव्याने गोंधळलेल्या पेशंटला बघितल्याशिवाय, फोनवर, झोपेचं औषध सांगू नये. या बाबतीत मी हटवादी आहे.

एकच पेशंट, दोन गुण

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारलेली न्यूज-2 ही गुणपद्धत आपल्याकडेही अनेक हॉस्पिटलांत वापरतात. श्वास, ऑक्सिजन, वेगळा ऑक्सिजन चालू आहे का, बीपी, नाडी, भान आणि तापमान यांना गुण देऊन बेरीज करायची. पाच किंवा जास्त झाले तर डॉक्टरने तातडीने बघायचं, सात किंवा जास्त झाले तर आणीबाणी. कुठल्याही एकाच गोष्टीला तीन गुण मिळाले तरी वॉर्डाच्या डॉक्टरने लवकर येऊन बघायचं.

संध्याकाळी सहाच्या नोंदीची बेरीज शून्य येते. मुलीचं म्हणणं खरं धरून "नवा गोंधळ" लिहिला असता, तर त्या एका गोष्टीचेच तीन गुण झाले असते आणि सहालाच डॉक्टर बोलवावा लागला असता. रात्री दहाला, श्वास 18 आणि भान ठीक असं नेहमीप्रमाणे लिहिलं असतं तर ऑक्सिजनचा एक, बीपीचा एक, नाडीचा एक, मिळून तीन. "चार-सहा तासांनी पुन्हा बघा" या खान्यात जाणारा पेशंट. मोजलेल्या श्वासाचे तीन आणि गोंधळाचे तीन धरल्यावर तेच नऊ होतात.

म्हणजे गुणपद्धत घेतली की सेप्सिस सापडतो असं नाही. तिच्यात घातलेले आकडे खरे असले तरच ती काही सांगते. शिवाय नऊ गुण म्हणजे सेप्सिस असंही नाही. रक्तस्राव, फुप्फुसात गुठळी, हार्ट अटॅक यांतही हेच गुण येतील. पेशंट खालावतोय एवढंच ती सांगते, का खालावतोय ते आपण शोधायचं. काही ठिकाणी श्वास, भान आणि बीपी एवढ्या तिघांवर चालणारी छोटी पद्धत वापरतात, तिला क्विक सोफा म्हणतात. सेप्सिसवरच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी चाळणी म्हणून ती एकटी वापरू नका असं सांगितलं आहे, कारण ती सुरुवातीचे पेशंट सोडून देते. या आजी संध्याकाळी सहाला तिच्यातून सुटल्याच असत्या.

रात्री दहा ते साडेदहा: दोन फोन

पहिला फोन सिस्टरांनी रेसिडेंटला केला तो असा: "सर, बेड 14 चं बीपी जरा लो वाटतंय, 108 बाय 62. आणि थोडी इरिटेबल आहे." उत्तर आलं: "108 चांगलं आहे की. आरएल चालू ठेवा, मी केस संपली की बघतो." तो कॅज्युअल्टीत एका अपघाताच्या पेशंटचा पाय स्थिर करत होता. त्याला जे ऐकवलं गेलं, त्यावर त्याचं उत्तर फारसं चुकीचं नव्हतं.

सिस्टरांनी फोन ठेवला, युरीन बॅग उचलून पाहिली. दुपारी दोनपासून 140 मिली, गढूळ, तळाशी साका. 54 किलोच्या माणसाला तासाला निदान 27 मिली लघवी हवी, म्हणजे वजनाच्या दर किलोला अर्धा मिली. आठ तासांत 216 व्हायला हवी होती. ग्लुकोमीटरवर साखर 312, सकाळी 170 होती. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडलं, रंग परत यायला चार सेकंद लागले. तीन सेकंदांच्या वर गेलं की रक्त बोटापर्यंत नीट पोचत नाही असं धरतात.

दुसरा फोन दहा वाजून वीस मिनिटांनी:

"सर, ऑर्थो फिमेल वॉर्डातून सिस्टर बोलतेय, बेड 14 बद्दल. मला सेप्सिसची शंका आहे. नेलिंगचा चौथा दिवस, मधुमेह आहे, मेटोप्रोलोल चालू आहे, नळी सहा दिवस आत आहे. श्वास मी मिनिटभर मोजला, 26 आहे. बीपी सकाळी 144 होतं, आता 108. संध्याकाळपासून गोंधळलेल्या आहेत, मुलगी सांगतेय. आठ तासांत लघवी 140, गढूळ आहे. न्यूज नऊ आहे. तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन बघायला हवं. तोवर मी ऑक्सिजन लावते, दुसरी लाइन घेते आणि कल्चरच्या बाटल्या काढून ठेवते."

"सिस्टर, मला इथून हलता येणार नाही."

"मग मी मेडिसिनच्या रजिस्ट्रार मॅडमना बोलावते. तुमच्या नावावर नोंद करते की कळवलंय."

यानंतर लगेच रजिस्ट्रारला फोन, तोच मजकूर. त्या दहा चाळीसला आल्या.

टिपण: फोनवर काय सांगायचं आणि नंतर काय

दोन्ही फोनमध्ये पेशंट तीच होती. पहिल्यात एक आकडा आणि एक विशेषण होतं. "लो वाटतंय" या शब्दांनी समोरच्याला नाही म्हणायची वाट मिळते. दुसऱ्यात पहिल्याच वाक्यात शंकेचं नाव आलं. आकड्यांच्या जोडीला सकाळचे आकडे आले, आणि शेवटी मागणी आली, तीही वेळेसकट. "काय करू सर?" असं विचारलं तर फोनवर ऑर्डर मिळते. "पंधरा मिनिटांत या" म्हटलं तर हो किंवा नाही मिळतं, आणि नाही मिळालं तर पुढच्याकडे जाता येतं.

पुढच्याकडे जाणं हा आपल्याकडचा अवघड भाग आहे. रेसिडेंटला डावलून रजिस्ट्रारला फोन केला तर दोघांचीही बोलणी खावी लागतील, अशी भीती सिस्टरांना असते आणि ती निराधार नसते. म्हणून हा निर्णय एकट्या सिस्टरच्या धाडसावर सोडू नये. वॉर्डाच्या भिंतीवर लिहिलेलं असावं: न्यूज सात किंवा जास्त, पहिल्या डॉक्टरने पंधरा मिनिटांत बघितलं नाही, तर दुसरा नंबर हा, आणि त्याने नाही बघितलं तर आयसीयूचा नंबर हा. लेखी नियम असला की सिस्टर कुणाला डावलत नाहीत, नियमाप्रमाणे फोन करतात. फोनची वेळ, कुणाशी बोललो आणि काय उत्तर आलं हे त्याच क्षणी नोट्समध्ये लिहायचं. पुढे कुणावर ठपका ठेवायला हे लागत नाही. दुसऱ्या फोनवर "साडेदहापासून सांगतेय" असं म्हणता यावं म्हणून लागतं.

ज्या छोट्या हॉस्पिटलात रात्री एकच डॉक्टर असतो, तिथे वरचा नंबर म्हणजे घरी असलेले कन्सल्टंट, आणि त्यापुढे मोठ्या हॉस्पिटलात हलवायचा निर्णय. अँब्युलन्स बोलावण्याच्या आधी पहिला अँटिबायोटिक डोस जायला हवा. प्रवासात दोन तास जाणार असतील तर तो डोस तिकडे पोचून देण्यात अर्थ नाही.

दहा चाळीस ते दीड

रजिस्ट्रार मॅडमनी आधी दुसरी कारणं नजरेखालून घातली. खुब्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी श्वास वाढला तर फुप्फुसातली गुठळी डोक्यात यायलाच हवी. पिंढऱ्या मऊ होत्या, ऑक्सिजन थोडक्यावर सुधारला. गुठळी पूर्ण बाद झाली नाही, पण ती मागे गेली. जखम कोरडी, हिमोग्लोबिन 9.4, म्हणजे मोठा रक्तस्राव नाही. मधुमेही बाईला छातीत न दुखता हार्ट अटॅक येऊ शकतो म्हणून ईसीजी काढला, त्यात नवं काही नव्हतं. सलाईनच्या सुईची जागा स्वच्छ. छाती साफ. उजव्या कुशीत दाबल्यावर आजींनी तोंड वेडंवाकडं केलं.

रक्ताच्या कल्चरचे दोन संच, दोन वेगळ्या हातांतून, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. वॉर्डात घाईने तीन मिली भरलेल्या बाटल्या जातात आणि मग कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून आश्चर्य करतात. लघवीचा नमुना बॅगेतून घेतला नाही. जुनी नळी काढली, नवी घातली, नव्या नळीतून घेतला. सहा दिवसांच्या नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर बसलेला असतो. बॅगेतला नमुना त्या थराचा आणि साचलेल्या लघवीचा असतो, शिवाय तीच नळी ठेवून दिलेलं अँटिबायोटिकही अर्धवटच काम करतं.

आयसीयूतल्या मशीनवर लॅक्टेट 4.1 आलं, नॉर्मल दोनच्या आत. ज्यांच्याकडे हे मशीन नाही त्यांनी बोटाचा रंग परत यायला किती सेकंद लागतात ते दर अर्ध्या तासाने बघावं. दक्षिण अमेरिकेत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, शॉकमधल्या पेशंटचा उपचार या साध्या खुणेवर बेतला तेव्हा निकाल लॅक्टेटवर बेतलेल्या उपचारापेक्षा वाईट आले नाहीत.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मेरोपेनेम 1 ग्रॅम शिरेतून गेलं. इतकं वरचं औषध का, असा प्रश्न इंटर्न विचारतात आणि विचारायलाच हवा. हॉस्पिटलात असताना, नळीमुळे झालेला संसर्ग, पेशंट शॉकच्या उंबरठ्यावर, आणि आपल्याकडच्या ग्राम निगेटिव्ह जंतूंमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण मोठं. पहिलं औषध चुकलं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. कल्चर आल्यावर खाली उतरता येतं. क्रिएटिनिन वाढलेलं असलं तरी पहिला डोस पूर्ण द्यायचा, कमी करायचा तो पुढचा.

याच्या उलट बाजूही लक्षात असू द्या. ताप आलेल्या प्रत्येकाला तासाच्या आत मेरोपेनेम असा याचा अर्थ नाही. 2021 च्या सूचना तासाची मर्यादा शॉक असलेल्यांना आणि सेप्सिसची दाट शक्यता असलेल्यांना लावतात. शॉक नाही आणि निदानाबद्दलच शंका आहे, अशा पेशंटसाठी तीन तासांपर्यंत तपासायला मुभा आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात डेंगी, मलेरिया आणि लेप्टोचे पेशंट हेच आकडे घेऊन येतात, तेव्हा ते तीन तास उपयोगी पडतात.

आरएल 500 मिली अर्ध्या तासात गेलं, मग पुन्हा बीपी, श्वास, फुप्फुसाचा तळ. सूचनांमधला आकडा पहिल्या तीन तासांत किलोला 30 मिली असा आहे, म्हणजे इथे साधारण 1,600. तो एका दमात ओतायचा नसतो, प्रत्येक बाटलीनंतर पेशंटकडे परत यायचं असतं. साडेअकराला पहिली बाटली संपली तेव्हा बीपी 88/50 झालं होतं, सरासरी दाब 63. हवा तो 65. मॅडमनी सेंट्रल लाइनची वाट न बघता कोपराजवळच्या चांगल्या मोठ्या शिरेतून नॉरॲड्रेनलिन सुरू केलं आणि पेशंटला आयसीयूत हलवलं. दीड वाजेपर्यंत एकूण 1,500 मिली गेलं होतं, दाब 68, श्वास 22. मेटोप्रोलोल, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन सकाळपासून बंद केली, साखरेसाठी इन्सुलिन.

रात्रीच सोनोग्राफी करून घेतली ती एकाच प्रश्नासाठी: मूत्रपिंडातून लघवी खाली येताना कुठे अडकते का? अडथळा असता तर औषधाने काम झालं नसतं, त्याच रात्री तो मोकळा करावा लागला असता. तसं नव्हतं.

रिपोर्ट आले: पांढऱ्या पेशी 17,800, प्लेटलेट 1,12,000, क्रिएटिनिन 1.7. सेप्सिस म्हणजे नुसता संसर्ग नव्हे, संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव बिघडणं, ही 2016 ची व्याख्या. इथे मेंदू, मूत्रपिंड, रक्ताभिसरण आणि प्लेटलेट या चौघांवर परिणाम झाला होता, आणि त्यातल्या दोघांची खबर, गोंधळ आणि लघवी, कुठल्याही लॅबशिवाय वॉर्डातच मिळत होती.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्चरच्या बाटल्यांमध्ये वाढ दिसली. ई. कोलाय, रक्तात आणि लघवीत एकच, ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने काम झालं नसतं. मेरोपेनेम एकूण सात दिवस चाललं. नॉरॲड्रेनलिन दीड दिवसात बंद झालं, लॅक्टेट पहाटेपर्यंत 2.3 वर आलं होतं. तिसऱ्या दिवशी आजींनी मुलीला वार बरोबर सांगितला. क्रिएटिनिन आठवड्याने 1.0. वॉकर मात्र ठरल्यापेक्षा दहा दिवस उशिरा हातात आला, आणि घरी गेल्यावरही पायात जोर यायला कित्येक आठवडे लागले. सेप्सिसमधून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर घरचे ऑपरेशन बिघडलं असं समजतात.

किती तास हुकले, हा प्रश्न चर्चेत नेहमी येतो. पहिली खूण सहाला, औषध अकराला. शॉकमध्ये बीपी पडल्यानंतर अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी कमी झाली, असं 2006 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. तो जुन्या नोंदींवरून केलेला अभ्यास आहे आणि आकडा जसाच्या तसा कुठल्याही पेशंटला लावता येत नाही. इथे बीपी पडायच्या सुमारालाच औषध गेलं, म्हणून निभावलं. रात्री गोळी दिली गेली असती तर पुढची नोंद पहाटे सहाची होती.

नळी

शेवटचा मुद्दा चर्चेत सहसा वेळ संपल्यावर येतो, म्हणून इथे मुद्दाम वेगळा. खुब्याच्या ऑपरेशननंतर नळी साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी काढता येते. या पेशंटला तिसऱ्या दिवशी बसवलं होतं, बेडपॅन देता आलं असतं. फाइल चाळली तर नळी घातल्याची नोंद कॅज्युअल्टीच्या कागदावर आहे, काढण्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही. सर्जनला वाटलं सिस्टर बघतील, सिस्टरांना ऑर्डर हवी होती. आता या वॉर्डात युरीन बॅगेवर चिकटपट्टी लावून घातल्याची तारीख लिहितात, आणि सकाळच्या राउंडला सिस्टर प्रत्येक नळीपाशी एकच प्रश्न विचारतात: ही आज का हवी? उत्तर नसेल तर राउंड पुढच्या बेडवर जायच्या आत ती निघते. बॅग आता दर चार तासांनी मापली जाते, आणि ओव्हर देताना मोजलेला श्वास आणि लघवी हे दोन आकडे तोंडी सांगावे लागतात. "व्हायटल्स स्टेबल" एवढ्यावर रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर घेत नाहीत.